हाताला लावलेली सुई: जागा निवडण्यापासून शीर सुजण्यापर्यंत वॉर्डात विचारले जाणारे प्रश्न

मेडिसिन वॉर्डात इंचार्ज म्हणून काम करताना नव्या स्टाफने आणि जीएनएमच्या विद्यार्थिनींनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. सगळं मोठ्या माणसांच्या हाताला लावायच्या कॅन्युलाबद्दल आहे. नवजात बाळांचं शास्त्र वेगळं आहे, त्यात इथे शिरत नाही. औषधांचे डोस आणि उतारे डॉक्टरांच्या ऑर्डरीने आणि तुमच्या रुग्णालयाच्या प्रोटोकॉलनेच द्यायचे असतात, हे धरून चाला.

कॅन्युला लावायला सगळ्यात चांगली जागा कोणती?

कोपर आणि मनगट यांच्या मधला हात, म्हणजे फोरआर्म. तिथे दोन हाडांचा आधार असतो, त्यामुळे वेगळी खपची लागत नाही. सांधा नसल्याने रुग्ण जेवला, कुशीवर वळला किंवा बाथरूमला गेला तरी कॅन्युलाचं टोक शिरेच्या आतल्या भिंतीवर घासत नाही. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सेफॅलिक, करंगळीच्या बाजूची बॅसिलिक आणि मधली मीडियन शीर या तिन्ही इथे मिळतात.

आपल्याकडे मात्र पहिली नजर जाते हाताच्या पंजावर किंवा कोपराच्या खळग्यात. पंजावरच्या शिरा दिसतात छान, पण त्या बारीक असतात, त्यांच्यावर मांस कमी असतं आणि सलाइन बाहेर गेलं तर ते मावायला जागा नसते. कोपराची शीर जाड असते, रक्ताचा नमुना काढायला उत्तम. पण तिथे कॅन्युला ठेवली की रुग्ण हात दुमडतो आणि ड्रिप थांबते. मग नातेवाईक रात्रभर हात सरळ धरून बसतात. शिवाय त्या खळग्यात खोलवर ब्रेकियल धमनी आणि मीडियन नर्व्ह असते, आणि तिथे औषध गळलं तर सूज लवकर दिसतही नाही. इमर्जन्सीत कोपराला लावावी लागली तर जरूर लावा, पण रुग्ण स्थिर झाला की जागा बदला.

ज्या हाताने रुग्ण जेवतो आणि लिहितो तो हात शक्यतो मोकळा ठेवा. आणि लावताना खालून वर जा. वरची शीर आधी खराब केली आणि नंतर त्याच शिरेवर खाली कॅन्युला घातली, तर दिलेलं औषध जुन्या छिद्रातून बाहेर झिरपतं.

मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला इतकी ठळक शीर असते. ती का टाळायची?

तिथे सेफॅलिक शिरेला अगदी लगटून रेडियल नर्व्हची वरवरची फांदी जाते. सुई तिला लागली तर रुग्ण ओरडतो. "करंट बसला," असंच म्हणतात बहुतेक जण. अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या आणि बधिरपणा काही वेळा महिनोन्‌महिने राहतो. मनगटाच्या घडीपासून साधारण चार बोटं वर सरका, तीच शीर तिथे बरीच सुरक्षित मिळते. टोचताना रुग्ण करंट म्हणाला तर सुई पुढे-मागे न करता लगेच बाहेर काढा आणि डॉक्टरांना सांगून नोंद करा.

कोणत्या हाताला मुळीच लावायची नाही?

डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला कधीच नाही. तिथे बीपीचा कफही बांधायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात टाळायचा. लकवा मारलेल्या हाताला संवेदना अनेकदा कमी असते किंवा नसते, म्हणून तिथे औषध गळलं तरी रुग्ण सांगू शकत नाही. भाजलेली, सुजलेली किंवा जंतुसंसर्ग झालेली त्वचा तर नकोच. पायाला लावणं मोठ्या माणसांत अगदी नाइलाज असेल तेव्हाच, कारण तिथे रक्ताच्या गुठळीची भीती जास्त असते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ज्याची किडनी हळूहळू निकामी होते आहे, पण डायलिसिस अजून सुरू नाही, अशा रुग्णाच्या फोरआर्मच्या शिरा जपून ठेवायच्या असतात. उद्या त्यांतलीच एखादी शीर फिस्टुलासाठी लागणार असते. म्हणून वर सांगितलेला फोरआर्मचा नियम या एका रुग्णासाठी उलटा होतो: त्याला पंजाच्या मागची शीर घ्या. क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.

किती नंबरची घ्यायची?

काम भागेल इतकी लहान. नंबर वाढतो तशी कॅन्युला बारीक होते. साधं सलाइन आणि अँटिबायोटिकसाठी गुलाबी २० किंवा निळी २२ पुरते. रक्त द्यायचं असेल तर २० किंवा हिरवी १८. अपघात, मोठं ऑपरेशन किंवा रक्तस्राव असेल तर १८ किंवा राखाडी १६. शिरेत कॅन्युलाच्या बाजूने रक्त वाहायला जागा उरली पाहिजे. ते वाहणारं रक्तच औषधाला पातळ करतं. जाड कॅन्युलाने बारीक शीर भरून टाकली की औषध जसंच्या तसं शिरेच्या भिंतीला लागतं, आणि फ्लेबायटिसची, म्हणजे शीर सुजण्याची, सुरुवात तिथूनच होते.

शीर दिसतच नाही. काय करू?

दिसणं विसरा, बोटांनी शोधा. डोळे मिटून शोधायची सवय केलीत तरी चालेल. चांगली शीर दाबली की स्पंजासारखी दबते आणि बोट उचललं की परत वर येते. दोरीसारखी कडक, गाठाळ लागली तर ती वापरून संपलेली शीर आहे. ठोके लागले तर ती धमनी.

हात पलंगाच्या खाली लोंबता ठेवा, मूठ दोन-चार वेळा उघडमीट करायला लावा, कोमट ओला टॉवेल काही मिनिटं गुंडाळा. पावसाळ्यात थंडगार हात घेऊन आलेल्या रुग्णाला या टॉवेलने फार फरक पडतो. टूर्निकेट जागेच्या वर वीतभर अंतरापेक्षा थोडं कमी ठेवून बांधा, पण रेडियल नाडी लागली पाहिजे. नाडी बंद झाली म्हणजे धमनीही दाबली गेली, मग शिरेत रक्त येणार कुठून? मिनिटभरात काम झालं नाही तर सोडा आणि पुन्हा बांधा. शिरेवर चापट्या मारायची सवय मोडून टाका, त्याने दुखतं आणि शीर आकसते.

म्हाताऱ्या माणसांच्या हाताला टूर्निकेट शर्टाच्या बाहीवरून, सैलसर बांधा, किंवा बांधूच नका. त्यांच्या भरलेल्या पण ठिसूळ शिरा टोचताक्षणी फुटतात.

टोचताना नेमका क्रम काय?

रुग्णाचं नाव आणि अ‍ॅलर्जी विचारा, हात धुवा, जागा ठरवा आणि मगच ग्लोव्हज घाला. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने जागा ३० सेकंद घासून पुसा आणि आपोआप वाळू द्या. फुंकर मारायची नाही. पुसल्यावर पुन्हा बोटाने शीर चाचपायची नाही. नवीन मुलींकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते. स्पिरिट ओलं असताना टोचलं तर रुग्णाला आग होते आणि जंतूही मेलेले नसतात.

डाव्या अंगठ्याने जागेच्या खालची त्वचा ताणून धरा, म्हणजे शीर सरकत नाही. सुईचं तोंड वर ठेवून १० ते ३० अंशांच्या कोनात शिरा. शीर जितकी वरवर तितका कोन कमी. चेंबरमध्ये रक्त दिसलं की थांबा. इथे घाई करायची नाही. आता कोन आणखी खाली आणा, संपूर्ण कॅन्युला दोन-तीन मिलिमीटर पुढे न्या, आणि मग सुई जागेवर धरून फक्त प्लास्टिकची नळी पुढे सरकवा. सुईचं टोक नळीपेक्षा थोडं पुढे असतं, म्हणून पहिलं रक्त दिसतं तेव्हा सुई शिरेत असते, पण नळी अजून बाहेर असू शकते. त्या दोन-तीन मिलिमीटरवर सगळं अवलंबून असतं.

टूर्निकेट सोडा, नळीच्या टोकाच्या वर शीर दाबून धरा, सुई काढा. सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाका, झाकण परत लावायचं नाही. नंतर ५ मिली नॉर्मल सलाइनने थांबत-थांबत फ्लश करा आणि तेवढा वेळ नजर आणि एक बोट टोकाच्या वरच्या त्वचेवर ठेवा. फुगवटा आला तर कॅन्युला शिरेत नाही.

पारदर्शक ड्रेसिंग लावा. टोचलेली जागा दिसलीच पाहिजे. मायक्रोपोरच्या चार थरांखाली काय चाललं आहे ते कुणालाच कळत नाही. ड्रेसिंगच्या कडेवर तारीख, वेळ, नंबर आणि तुमची सही.

रक्त दिसलं, पण नळी पुढे जात नाही. सुई परत आत घालून पाहू का?

नाही. अर्धवट बाहेर काढलेली सुई परत नळीत घातली तर ती नळीला आतून कापते, आणि तुटलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयाकडे जाऊ शकतो. टोक झडपेला अडलं असेल तर फ्लश जोडून हळू सलाइन सोडत नळी सरकवून पाहता येते. नाही गेली तर काढा, कापूस दाबा आणि नवी कॅन्युला घ्या. एका सिस्टरने दोनदाच प्रयत्न करायचे. तिसऱ्यांदा दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवायचं. यात कमीपणा काही नाही, रुग्णाच्या शिरा मोजक्याच असतात.

फ्लेबायटिस कसा ओळखायचा?

फ्लेबायटिस म्हणजे शिरेच्या आतल्या अस्तराचा दाह. पुस्तकात पहिलं लक्षण लाली लिहिलेलं असतं. पण आपल्याकडच्या सावळ्या हातावर लाली नीट दिसत नाही. कधी जांभळट किंवा नेहमीपेक्षा गडद दिसतं, कधी रंगात काहीच फरक नसतो. म्हणून लाली शोधत बसू नका, हात लावा. ड्रेसिंगवरून टोकाच्या जागी हलकं दाबा आणि विचारा, "दुखतं का?" मग शिरेच्या रेषेत वर बोट फिरवा. ऊब लागते का, घट्टपणा लागतो का, हे दुसऱ्या हाताशी ताडून बघा. दुखणं आणि ऊब ही लालीच्या आधीच कळतात.

मोजायला व्हीआयपी स्कोर, म्हणजे व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस स्कोर वापरतात. ही पट्टी इंग्लंडमधल्या अँड्र्यू जॅक्सन या नर्सने १९९८ साली मांडली. जागा निरोगी असेल तर ०. थोडं दुखणं किंवा थोडी लाली असेल तर १, म्हणजे लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली आणि सूज यांपैकी दोन असतील तर २, आणि तिथेच कॅन्युला काढायची. दुखणं शिरेच्या मार्गाने पसरलं, लाली आली आणि जागा टणक झाली तर ३. त्यात शीर दोरीसारखी हाताला लागली तर ४. सोबत ताप आला तर ५. रोजच्या कामात लक्षात ठेवायचा आकडा एकच, तो म्हणजे २.

फ्लेबायटिस होतो कशामुळे?

टोक घासून, औषधाच्या रासायनिक गुणामुळे किंवा जंतूंमुळे. वॉर्डात मला सगळ्यात जास्त दिसतो तो औषधाचा. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. व्हॅन्कोमायसिन त्यापेक्षा कितीतरी आम्ल असतं, फेनिटोइन तर १२च्या आसपास म्हणजे अगदी अल्कली. एक ग्रॅम व्हॅन्कोमायसिन १०० मिलीत घालून अर्ध्या तासात सोडलं, तर दुसऱ्या दिवशी शीर दुखणारच. ते निदान २०० मिलीत आणि मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही, म्हणजे १०० मिनिटांत द्यायचं. "ड्यूटी संपायच्या आत बाटली संपवू" म्हणून रोलर उघडू नका. पोटॅशियम घातलेल्या सलाइनचंही तेच: जितकं दाट, तितकी आग.

फ्लेबायटिस दिसला तर काय करू?

औषध बंद करा आणि कॅन्युला काढा. "अजून चालते आहे, एवढा डोस जाऊ दे" हा विचार करायचा नाही. नवी कॅन्युला शक्यतो दुसऱ्या हाताला. हात उशीवर उंच ठेवा, उबदार शेक द्या. मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी किंवा हेपरिनचं मलम बऱ्याच वॉर्डांत लावतात, त्याने आराम पडतो, पण त्वचा फुटलेली असेल तर लावू नका. टोचलेल्या जागेतून पू आला किंवा रुग्णाला थंडी वाजून ताप आला तर तो जंतुसंसर्ग धरायचा. लगेच डॉक्टरांना कळवा, ब्लड कल्चर आणि पुवाचा स्वॉब ते सांगतील.

काढल्यानंतरही निदान ४८ तास ती जागा पाहत राहा. कॅन्युला निघून गेल्यावर सुरू झालेला फ्लेबायटिस आपल्या नोंदीत बहुधा येतच नाही, कारण तिथे मग कुणी पाहत नाही.

दर ७२ तासांनी कॅन्युला बदलायलाच हवी का?

तुमच्या रुग्णालयाचा नियम तसा असेल तर तो पाळा. पण यामागचं शास्त्र बदललं आहे. ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकार्ड आणि सहकाऱ्यांनी तीन हजारांहून जास्त रुग्णांवर केलेली चाचणी २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. एका गटात दर तिसऱ्या दिवशी कॅन्युला बदलली, दुसऱ्यात गरज पडली तरच. फ्लेबायटिसचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्के निघालं. म्हणजे नुसत्या घड्याळाने रुग्ण वाचत नाही. पण "गरज पडली तरच" या पद्धतीत दर पाळीला जागा तपासणं गृहीत धरलेलं आहे. ते होत नसेल तर या चाचणीचा आधार घेऊ नका. इमर्जन्सीत घाईघाईने, नीट स्वच्छता न करता लावलेली कॅन्युला मात्र २४ ते ४८ तासांत बदलावी. आणि गरज संपलेली कॅन्युला "असू दे, लागेल" म्हणून ठेवू नये.

इन्फिल्ट्रेशन आणि फ्लेबायटिस यांत फरक कसा करायचा?

पुन्हा बोटानेच. फ्लेबायटिस उबदार असतो आणि शिरेच्या रेषेत असतो. इन्फिल्ट्रेशन म्हणजे सलाइन शिरेबाहेरच्या मांसात जाणं, वॉर्डाच्या भाषेत "सलाइन आउट झालं." तिथली जागा थंड लागते, कारण बाटलीतलं सलाइन शरीरापेक्षा थंड असतं. त्वचा ताणलेली, फिकी, ओलसर दिसते, सूज टोकाभोवती गोल पसरते. अंगठी किंवा बांगडी रुतायला लागते. दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय थोडी सूज कळत नाही.

शंका असेल तर टोकाच्या वर, थोड्या अंतरावर शीर बोटाने दाबा. कॅन्युला शिरेत असेल तर ड्रिप थांबते किंवा मंदावते. तरीही थेंब तसेच पडत राहिले तर सलाइन शिरेबाहेर जातं आहे.

बाटली खाली धरली की सेटमध्ये रक्त येतं. मग कॅन्युला बरोबर आहे ना?

नाही, तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. टोक अर्धं आत, अर्धं बाहेर असू शकतं. रक्तही येतं आणि सलाइनही गळतं. उलट, बारीक शिरेत नीट बसलेल्या कॅन्युलातूनही कधी रक्त येत नाही. सूज, थंडपणा आणि रुग्णाचं सांगणं यांना जास्त वजन द्या. सिरिंज पंपाच्या अलार्मवरही विसंबू नका, मांसात जाणारं औषध पंप बिनतक्रार ढकलत राहतो.

एक्स्ट्राव्हॅझेशन वेगळं का मानतात?

गळणं तेच, पण गळणारं औषध मांस मारणारं. साधं सलाइन गळलं तर शरीर ते शोषून घेतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन गळलं तर तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि त्वचा काळी पडते. कॅल्शियम ग्लुकोनेट, २५ किंवा ५० टक्के डेक्स्ट्रोज, सोडाबायकार्ब, दाट पोटॅशियम, फेनिटोइन, प्रोमेथाझिन आणि केमोथेरपीतली डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन यांची यादी ड्रग ट्रॉलीवर चिकटवून ठेवा. यांतलं काही चालू असताना रुग्ण "आग होते" म्हणाला, तर सूज नसली तरी आधी औषध थांबवायचं आणि मग तपासायचं.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

औषध थांबवा, पण कॅन्युला काढू नका. नेहमीच्या सवयीने हात कॅन्युलाकडेच जातो, तो आवरा. सेट सोडा, कॅन्युलाला लहान सिरिंज जोडा आणि जेवढं परत खेचता येईल तेवढं हळूच खेचा. थेंब-दोन थेंब आले तरी चालेल. फ्लश अजिबात करायचा नाही, त्याने औषध आणखी पसरतं. डॉक्टरांना बोलवा. उतारा त्याच कॅन्युलातून द्यायचा नसेल तर आता ती काढा, पण जागा दाबू किंवा चोळू नका. पेनाने सुजेची कड आखा, वेळ लिहा, हात उंच ठेवा.

एखादं उदाहरण सांगाल?

माझ्याच रात्रपाळीचं सांगते. साठीतल्या एक आजी, लघवीच्या संसर्गाने सेप्टिक शॉकमध्ये. सेंट्रल लाइनला वेळ लागणार होता, म्हणून नॉरअ‍ॅड्रेनलिन डाव्या पंजावरच्या २२ नंबरच्या कॅन्युलातून सुरू झालं. जागा चुकीचीच होती. मनगटाच्या वर, फोरआर्मच्या जाड शिरेत २० नंबरची हवी होती. मी ड्यूटीवर आले तेव्हाच ती बदलायला हवी होती, पण "चालते आहे" म्हणून मी तशीच ठेवली.

पहाटे तीनला बीपी १०४ वरून ८६ झालं. पंप नीट चालू होता, अलार्म नव्हता. मी डोस वाढवायला हात पुढे केला, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "बाई, हात भाजतोय गं." चादर बाजूला केली तर पंजावर पांढराफटक पट्टा, साधारण ६ बाय ४ सेंटिमीटर, कडेने केस उभे राहिलेले, हात लावला तर गार. बीपी पडलं होतं कारण औषध शिरेत जातच नव्हतं. डोस वाढवला असता तर तो सगळा पंजात गेला असता.

इथे अडचण अशी की हे औषध नुसतं बंद करून चालत नाही, रुग्ण कोसळतो. मी पंप थांबवला आणि सोबतच्या ब्रदरने त्याच वेळी उजव्या फोरआर्मला २० नंबरची लावली. ती फ्लश करून खात्री केली आणि पंप तिकडे जोडला. मिनिटभराच्या आसपास खंड पडला असेल. मग डाव्या कॅन्युलातून सिरिंजने खेचलं, अर्धा मिलीही आलं नाही. कॅन्युला तशीच ठेवून डॉक्टरांना उठवलं.

याचा खरा उतारा फेंटोलामिन. ५ ते १० मिलिग्रॅम १० मिली सलाइनमध्ये मिसळून पांढऱ्या भागात त्वचेखाली बारीक सुईने ठिकठिकाणी टोचतात, आणि १२ तासांच्या आत द्यायचं असतं. आमच्या स्टोअरमध्ये ते नव्हतं. डॉक्टरांनी पर्याय म्हणून २ टक्के नायट्रोग्लिसरिनचं मलम लावायला सांगितलं. त्याने बीपी आणखी पडू शकतं, म्हणून दर पाच मिनिटांनी बीपी पाहिलं, तेही पायाला कफ बांधून. वर उबदार शेक. बर्फ मुळीच नाही, थंडीने आवळलेल्या वाहिन्या आणखी आवळतात. पेनाने कड आखली आणि तासाभराने पुन्हा पाहिली: कडेने गुलाबी रंग परतायला लागला होता. सकाळी मध्यभागी रुपयाएवढा फोड होता. प्लास्टिक सर्जनने पाहिलं. तीन आठवड्यांनी जागा भरली, फक्त गडद डाग राहिला.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात नॉरअ‍ॅड्रेनलिन हाताच्या शिरेतून चालू असेल तर जागा मनगटाच्या वरच असते, बीपीचा कफ त्या हाताला बांधत नाहीत, तासातासाला हात लावून बघतात आणि चादर त्या हातावर घालत नाहीत. आणि बीपी पडलं की डोस वाढवण्याआधी कॅन्युला बघतात.

मग थंड शेक कधी?

डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाला थंड, म्हणजे ते एका जागी थोपवून धरता येतं. एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून चारदा, कापडात गुंडाळून. व्हिन्क्रिस्टिनला उलट, उबदार, आणि हायलुरोनिडेजचं इंजेक्शन, म्हणजे ते पसरून पातळ होतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन यांनाही उबदारच. इतर औषधांसाठी तुमच्या प्रोटोकॉलचा कागद बघा, अंदाजाने बर्फ आणू नका. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन हा उतारा शिरेतून देतात, पहिला डोस सहा तासांच्या आत. तो देण्याआधी थंड शेक काढून ठेवावा लागतो.

रात्रीच सर्जनला उठवावं असं केव्हा?

बोटं हलवताना असह्य दुखत असेल, बोटं आपण हाताने ताणली तरी रुग्ण किंचाळत असेल, हात दगडासारखा कडक लागत असेल, बोटं बधिर असतील किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील. हा कंपार्टमेंट सिंड्रोम असू शकतो. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी जाते ती सगळ्यात शेवटी.

जागा किती वेळा तपासायची आणि काय लिहायचं?

शुद्धीवरच्या मोठ्या माणसाची निदान चार तासांनी, बेशुद्ध किंवा झोपेचं औषध दिलेल्या रुग्णाची एक-दोन तासांनी, मुलांची तासातासाला, आणि मांस मारणारं औषध चालू असेल तर त्याहून लवकर. "कॅन्युला ठीक" एवढं लिहू नका. "डावा फोरआर्म, २० नंबर, दिवस दुसरा, व्हीआयपी १, दाबल्यावर थोडं दुखतं" असं लिहा. औषध गळलं असेल तर औषधाचं नाव, दाटपणा, अंदाजे किती मिली, सुजेचं माप, खेचून किती आलं, कुणाला किती वाजता कळवलं, सगळं. घरच्यांच्या परवानगीने फोटो. चुकीची लाज वाटून वेळ मागे-पुढे लिहू नका. फेंटोलामिनचे १२ तास आणि डेक्सराझोक्सेनचे ६ तास त्याच वेळेपासून मोजले जातात.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाईकांना काय सांगावं?

सुई काढलेल्या जागी दोन-तीन दिवसांत शीर कडक लागली, दुखली, तर उबदार शेक द्या आणि हात वापरत राहा. हा कडकपणा उतरायला कधी काही आठवडे लागतात. ताप आला, पू आला, लाली वर चढत गेली किंवा त्वचा काळी पडली तर त्याच दिवशी परत यायचं. तेल लावून चोळायचं नाही, हे आजीबाईंना विशेषकरून सांगा, कारण घरी गेल्यावर पहिली तेलाची वाटी त्याच आणतात.